उन्हाळा हवेत, गारवा पाण्यात

एप्रिल उजाडला की आमच्या वर्धा जिल्ह्यातील दवाखान्यांत उष्माघात, उलट्या-जुलाब आणि घामोळ्या यांची गर्दी सुरू होते. त्या गर्दीत गेली काही वर्षे एक निराळी तक्रार घेऊन आजी-आजोबा येऊ लागले आहेत. बाहेर पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना पोहण्याच्या वर्गाला जाणारे नातवंड कुडकुडत घरी येते, त्याचे ओठ जांभळे पडतात आणि दुसऱ्या दिवशी ते पाण्यात उतरायला तयार होत नाही. ‘एवढ्या उन्हात लेकराला थंडी वाजते, म्हणजे अंगात काही कमी तर नाही?’ हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. आईवडील नोकरीवर असल्यामुळे मुलांना वर्गाला नेणे-आणणे बहुधा आजी-आजोबांकडेच असते. म्हणून त्यांच्यासाठीच हा विषय थोडा सविस्तर मांडतो.

माझे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. हवेचे तापमान पोहणाऱ्या लहान मुलाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. पाण्याचे तापमान मोजावे लागते, आणि तेही वर्गाच्या वेळेला, मुलाच्या छातीच्या पातळीवर. ती नोंद हाती आली की निम्म्याहून अधिक कोडी तेथेच उलगडतात.

विदर्भातील माणसाला हे पटवून देणे अवघड जाऊ नये, कारण याच तत्त्वावर आपण पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा काढत आलो आहोत. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी कोरड्या झळांत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्या आणि आपले कूलर हेच काम करतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर अर्धा लिटरहून थोडे अधिक पाणी एका अंशाने थंड होईल. उघडा जलतरण तलाव हा या दृष्टीने एक भला मोठा माठच आहे. हवा जितकी कोरडी आणि वारा जितका अधिक, तितके त्याचे पाणी उडते आणि तितके ते थंड राहते. दिवसा ऊन त्याला तापवते, रात्रभर बाष्पीभवन त्याला निववते. म्हणून मे महिन्यातही पहाटेचे पाणी आपल्या अंदाजापेक्षा बरेच गार निघते. तलावाच्या एका बाजूस उंच इमारत किंवा दाट झाडे असतील आणि सकाळचे ऊन पाण्यावर पडत नसेल, तर ते आणखी गार असते.

तलावात भर घालण्यासाठी सोडलेले विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी हाही एक भाग आहे. जमिनीच्या खोलवरच्या पाण्याचे तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाजवळ स्थिरावलेले असते. आपल्याकडे ते सत्तावीस अंशांच्या आसपास येते. आमच्या पिढीने पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकले. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागे. पाणी तेच आणि जवळजवळ तेवढ्याच तापमानाचे. बदलत असे ती बाहेरची हवा. मात्र आम्ही विहिरीत उडी टाकत होतो तेव्हा आठ-दहा वर्षांचे होतो, सतत हातपाय मारत होतो, आणि थंडी वाजली की तापलेल्या दगडांवर पालथे पडून अंग शेकत होतो. आज चार-पाच वर्षांचे मूल तलावात उतरवले जाते. त्याला ठरावीक वेळ पाण्यात काढायची असते आणि काठावर शेकायला तसा निवांत दगडही नसतो. हा फरक लक्षात न घेता ‘आम्ही नाही का शिकलो?’ असे म्हणणे त्या मुलावर अन्याय करणारे आहे.

लहान मूल लवकर गारठते याची कारणे त्याच्या शरीराच्या आकारात दडलेली आहेत. उष्णता निर्माण होते ती शरीराच्या वस्तुमानात आणि निघून जाते ती त्वचेवाटे. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या दर किलोमागे सुमारे पावणेतीनशे चौरस सेंटिमीटर त्वचा असते. सतरा किलोच्या पाच वर्षांच्या मुलीच्या दर किलोमागे ती सुमारे चारशे वीस चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे दीडपट. त्यातच तिच्या त्वचेखालील चरबीचा थर पातळ असतो. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे अठ्ठावीस अंशांच्या खोलीत आपण पंखा लावतो, आणि अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात निश्चल उभे राहिलेले मूल काही मिनिटांतच कुडकुडू लागते.

‘निश्चल’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पोहणाऱ्याचे स्नायू भट्टीसारखे उष्णता निर्माण करतात. म्हणूनच वर्ल्ड ॲक्वाटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांत स्पर्धेच्या तलावाचे पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस असावे, असे म्हटले आहे. वेगाने पोहणाऱ्याला याहून उबदार पाणी त्रासदायक होते. शिकाऊ मुलांचा वर्ग मात्र अगदी वेगळा असतो. दहा-बारा मुले काठाची दांडी धरून रांगेत उभी असतात, प्रशिक्षक एकेकाला हात देऊन पाय मारायला शिकवतात आणि बाकीची आपल्या पाळीची वाट पाहतात. काठावर कोरड्या कपड्यांत उभ्या असलेल्या प्रशिक्षकांना आणि पुढच्या रांगेत लांब फेऱ्या मारणाऱ्या मोठ्या मुलांना ते पाणी छान वाटते. वाट पाहणाऱ्या मुलाला ते सोसत नाही. दोघेही खरेच सांगत असतात.

मग कोणत्या वयाला कोणती नोंद योग्य? तीन वर्षे व त्याखालील बालकांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना ८७ ते ९४ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेतीस ते साडेचौतीस अंश सेल्सिअस पाणी सुचवते. या वयाचे मूल पाण्यात असते ते आईवडिलांच्या हातांत. ते पोहत नाही, पाण्याशी ओळख करून घेते. म्हणून त्याला कोमटाकडे झुकणारे पाणी हवे. मी बत्तीस अंशांच्या जवळची नोंद आदर्श मानतो. तीन ते सहा वर्षांच्या शिकाऊ मुलांना एकोणतीस ते एकतीस अंश पाणी मानवते. जे मूल काठ सोडून सलग पोहू लागले आहे, त्याला सत्तावीस ते एकोणतीस अंश पुरेसे होतात. पाणी सव्वीस अंशांवर किंवा त्याखाली असेल, तर पाच वर्षांच्या नवशिक्याचा वर्ग त्या दिवशी होऊ नये, असे मी पालकांना सांगतो. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना तो पंधरा-वीस मिनिटांचा असावा. एकोणतीस-तीस अंशांना अर्धा तास चालतो. मिनिटांचे हे गणित कोणत्या ग्रंथातले नाही, माझ्याकडे येणाऱ्या मुलांवरून मी बांधलेला अंदाज आहे. मूल त्याआधी गारठले तर मुलाचे ऐकावे, घड्याळाचे नव्हे.

आता एक उदाहरण पाहू. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस निवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा आपल्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन आले. वजन सतरा किलो, चेहऱ्यावर चांगली तकतकी. सकाळी पावणेसातच्या वर्गात पंधरा-वीस मिनिटांत तिचे ओठ जांभळे होत, दात वाजू लागत आणि ती पायऱ्यांना चिकटून बसे. वर्ग पाऊण तासाचा होता. ‘पाण्याची भीती आहे, आठवडाभरात जाईल’ असे तिच्या प्रशिक्षकांचे मत होते. घरच्यांना रक्त कमी असल्याची शंका होती. मी तिला तपासले. हृदयाचे ठोके स्वच्छ, छाती मोकळी, जीभ गुलाबी, नखे गुलाबी. हिमोग्लोबिन तिच्या वयाला योग्य निघाले. घरी टाकीत डुंबताना ती तासभर आनंदात असते, असेही समजले. म्हणजे भीतीही नाही आणि आजारही नाही.

“काकाजी,” मी म्हटले, “औषध काही देत नाही. चार दिवस तेवढे पाण्याचे तापमान मोजून आणा.”

“डॉक्टरसाहेब, घरी थर्मामीटर आहे ना. तोच बुडवतो,” ते म्हणाले.

तो चालत नाही, हे येथे सर्वांनाच सांगायला हवे. ताप मोजण्याचा पाऱ्याचा थर्मामीटर पस्तीस अंशांपासून सुरू होतो. डिजिटल थर्मामीटरही त्याच्या कक्षेखालील तापमानाला आकडा न दाखवता फक्त ‘कमी’ अशी खूण देतो. कपाळासमोर धरायचे बंदुकीसारखे यंत्र पाण्याकडे रोखले, तर ते केवळ वरच्या पातळ थराचे तापमान सांगते, आणि तो थर बाष्पीभवनाने निवलेला किंवा उन्हाने तापलेला असतो. हात बुडवून अंदाज घेणे त्याहून अविश्वसनीय. तीन वाट्यांत गार, साधे आणि कोमट पाणी घ्या. एक हात गार पाण्यात व एक कोमट पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही हात साध्या पाण्यात घाला. तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागेल. उन्हातून आलेल्या हाताची तीच गत होते. शिवाय वय वाढले की, आणि मधुमेह असेल तर अधिकच, हातापायांची ऊन-थंड ओळखण्याची शक्ती मंदावते. माझ्या वाचकांपैकी अनेकांना हे अनुभवाने ठाऊक असेल.

हवा तो साधा, पाण्यावर तरंगणारा, प्लॅस्टिकच्या आवरणातला तलावाचा थर्मामीटर. तो मिळाला नाही तर शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानातला, प्लॅस्टिकचाच, चालतो. काचेचा मात्र नको. मुले अनवाणी असतात. विकत आणल्यावर तो एकदा तपासून घ्यावा. मगभर कोमट पाण्यात तो आणि घरचा तापाचा डिजिटल थर्मामीटर एकत्र धरावेत, पाणी ढवळत राहावे आणि दोहोंचे आकडे जुळतात का ते पाहावे. अर्ध्या अंशाचा फरक चालेल. दोन अंशांचा फरक निघाला तर थर्मामीटर बदलून आणावा.

मोजण्याची रीत अशी. थर्मामीटरला हातभर दोरी बांधावी. वर्ग जेथे भरतो त्या उथळ भागातच, काठाच्या भिंतीपासून थोडे दूर, पाण्याखाली सुमारे एक फुटावर तो सोडावा. गाळलेले पाणी तलावात परत येते त्या छिद्रांजवळ किंवा नव्या पाण्याचा नळ पडतो तेथे मोजू नये; तेथील आकडा साऱ्या तलावाचा नसतो. तीन मिनिटे थांबावे आणि आकडा थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचावा. बाहेर काढून वाचला तर तो चुकतो. ओला थर्मामीटर वाऱ्यावर आला की त्याच्यावरचे पाणी उडू लागते आणि आकडा भराभर खाली घसरतो.

आमच्या काकाजींनी शिक्षकी शिस्तीने वही घातली. सकाळी पावणेसातच्या चार दिवसांच्या नोंदी साडेसव्वीस, सव्वीस, साडेसव्वीस आणि पुन्हा साडेसव्वीस अशा होत्या. तलावाच्या पूर्वेला इमारत असल्यामुळे नऊ वाजेपर्यंत पाण्यावर ऊन पडत नव्हते. संध्याकाळी पावणेसहाच्या नोंदी एकोणतीस आणि साडेएकोणतीस. त्यांनी स्वतःहून आणखी दोन गोष्टी टिपल्या होत्या. पाऊण तासाच्या वर्गात बारा मुले होती आणि त्यांची नात प्रत्यक्ष हातपाय मारत होती ती फक्त सहा मिनिटे. उरलेला सगळा वेळ दांडी धरून उभी. दुसरी नोंद मला फारच आवडली. एका संध्याकाळी हवेचा पारा चाळीस असताना त्यांनी पाण्यातून थर्मामीटर मुद्दाम बाहेर काढून धरला, तर दोन मिनिटांत तो एकोणतिसावरून चोविसावर आला. “डॉक्टरसाहेब, पोरगी बाहेर येऊन कुडकुडते ते का, हे आता कळलं,” ते म्हणाले. खरोखरच, ओल्या कपड्यांत वाऱ्यावर उभे असलेले मूल आणि तो ओला थर्मामीटर यांच्यात काही फरक नाही.

उपाय त्या वहीतच होता. मुलीला संध्याकाळच्या वर्गात घातले. वेळ प्रथम वीस मिनिटे आणि आठवड्याने अर्धा तास ठरवला. पाळीची वाट पाहताना पायरीवर अर्धे ओले न बसता खांद्यापर्यंत पाण्यात राहून पाय हलवत राहायचे, असे तिला शिकवले. अर्धे अंग पाण्यात व अर्धे वाऱ्यावर ही स्थिती सर्वांत वाईट. बाहेर येताच टॉवेल, मग लगेच ओला पोशाख काढून कोरडे कपडे, केस पुसलेले, आणि आजीने दिलेली केळी किंवा लाडू. उपाशी मूल लवकर गारठते. म्हणून वर्गाच्या तासभर आधीही थोडे खाणे ठेवले. दहाव्या दिवशी ती पाठीवर तरंगली. भीती गेली असे तिचे प्रशिक्षक म्हणाले. भीती मुळात नव्हतीच.

घरी नेमके काय पाहावे, हेही सांगतो. गारठ्याची पहिली खूण म्हणजे बडबडे मूल गप्प होते आणि हात छातीशी घट्ट धरते. मग अंगावर काटा, दात वाजणे, ओठांभोवती जांभळट छटा. या टप्प्यावर त्याला बाहेर काढून पुसून कोरडे केले की दहा-पंधरा मिनिटांत ते पूर्ववत होते. कोमट दूध द्यावे. कढत पाण्याची अंघोळ, जोरजोरात चोळणे, बाम फासणे यांची गरज नाही. ओठ जांभळे दिसले की जीभ बाहेर काढायला सांगावी. जीभ गुलाबी असेल तर रक्तवाहिन्या आकसल्यामुळे फक्त ओठ निळसर झालेले असतात आणि घाबरण्याचे कारण नाही. जीभही निळसर दिसली तर त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. कोरडे होऊन पंधरा मिनिटे उलटल्यावरही ओठ तसेच राहिले, किंवा उबदार खोलीत खेळतानाही ते जांभळे पडत असतील, तर हृदय व फुप्फुसांची तपासणी अवश्य करून घ्यावी. आणि कुडकुडणे थांबले पण मूल उबदार न होता सुस्त, बावरलेले, अडखळत बोलणारे दिसू लागले, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आजीबाईंचा एक ठरलेला प्रश्न असतो: गार पाण्याने सर्दी होते का? सर्दी विषाणूंमुळे होते आणि ती बहुधा शेजारच्या शिंकणाऱ्या मुलाकडून येते. गार पाण्याने होतो तो गारठा. त्याने मूल दमते, शिकायचे थांबते आणि पाण्याविषयी कायमची अढी धरते. पाण्याचे तापमान सांभाळायचे ते यासाठी.

आता दुसरी बाजू. पाणी जेवढे उबदार तेवढे चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. चौतीस अंशांच्या पुढच्या पाण्यात हातपाय मारणाऱ्या मुलाच्या शरीरातील उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही, कारण पाण्याखालच्या अंगाचा घाम उडत नाही. चेहरा लालबुंद होतो, मूल चिडचिडे होते, डोके दुखते म्हणते. असे पाणी अंघोळीचे, शिकण्याचे नव्हे. आपल्याकडे हा धोका मोठ्या तलावापेक्षा घराच्या अंगणात अधिक आढळतो. सुटीत नातवंडांसाठी हवा भरायचा प्लॅस्टिकचा हौद आणला जातो आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी त्यात सोडले जाते. मे महिन्यात दुपारी त्या टाकीचे पाणी नळातून कसे चटका देत येते, हे सांगायला नको. वीतभर खोलीचे पाणी उन्हात तासाभरात आणखी तापते. तेव्हा तोच थर्मामीटर येथेही बुडवावा, हौद सावलीत ठेवावा, पाणी तीस ते बत्तीस अंशांवर आल्यावरच मुलाला आत सोडावे आणि खेळ झाला की पाणी ओतून टाकावे. पाणी वीतभर असले तरी आजोबांनी हाताच्या अंतरावर बसून राहावे, हे ओघाने आलेच.

मोठ्या तलावात उबदार पाण्याची किंमत क्लोरीनच्या रूपाने मोजावी लागते. ऊन आणि उष्णता यांमुळे पाण्यातील क्लोरीन लवकर संपते आणि जंतूंना तेच पाणी मानवते. केरळमध्ये २०२४ साली मेंदूचा जीवघेणा दाह करणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळल्याचे वाचकांना स्मरत असेल. हा अमिबा उबदार गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. तो आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि नीट क्लोरीन राखलेल्या तलावात त्याला थारा मिळत नाही. पण यामुळेच संध्याकाळच्या वर्गाची निवड करताना तापमानासोबत आणखी एक आकडा विचारावा: दिवसभराच्या वापरानंतर, वर्ग सुरू होण्याच्या वेळी, पाण्यात मुक्त क्लोरीन किती आहे? दर दहा लाख भागांत किमान एक भाग असायला हवे. तलावावर त्याला एक पीपीएम म्हणतात. तपासण्याचे छोटे साधन प्रत्येक तलावावर असणे अपेक्षित असते. आकडा सांगता येत नसेल तर निदान तळ पाहावा. उथळ भागाचीच नव्हे, तर खोल भागाची तळाची फरशीही काठावरून स्वच्छ दिसली पाहिजे. पाणी हिरवट, गढूळ किंवा बुळबुळीत लागत असेल, तर तापमान कितीही सुखद असले तरी मुलाला घरी आणावे.

आपल्या गावातील तलावांत पाणी तापवण्याची यंत्रणा सहसा नसते, आणि तशी मागणी करावी असेही माझे म्हणणे नाही. वर्षाचे ऋतू आणि दिवसाचे प्रहर यांतूनच आपल्याला योग्य पाणी निवडायचे आहे. माझ्या मते वर्ध्यात नवशिक्या लहान मुलांचा हंगाम एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतचा, आणि वेळ संध्याकाळी ऊन कलल्यानंतरची. तलावाभोवतीच्या फरश्या तेव्हाही पाय भाजतात. चपला पाण्याच्या काठापर्यंत घालाव्यात. दिवाळीनंतर रात्रीचा पारा उतरू लागला की उघड्या तलावाचे पाणी झपाट्याने थंड होते. त्या काळात चार-पाच वर्षांच्या मुलाला वर्गाला नेण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन महिने खंड पडला म्हणून पोहणे विसरत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी तलावावर एकदा वर्गाच्या वेळी जाऊन बसावे. पाण्याचे तापमान रोज फळ्यावर लिहितात का, एका प्रशिक्षकामागे किती मुले आहेत, आणि प्रत्येक मूल खरोखर किती मिनिटे हालचाल करते, एवढे पाहावे. फळ्यावर आकडा नसेल तर सौजन्याने विचारावे, आणि तरीही मिळाला नाही तर आपला थर्मामीटर दोरी बांधून सोडावा. काकाजींच्या वहीची गोष्ट ऐकून आमच्या भागातील तीन-चार आजोबांनी तसा थर्मामीटर पिशवीत ठेवायला सुरुवात केली आहे. परवा त्यांच्यापैकी एकजण भेटले. त्यांचा चार वर्षांचा नातू आता काठावर उभा राहून आधी विचारतो, “आबा, आज किती?” अठ्ठावीस असले की वर्ग लहान, तीस असले की मोठा, एवढा हिशेब त्याला पाठ झाला आहे.